कोकणात ५जी फोन घेताना: एलटीई, एनएसए आणि एसएबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मोबाइलच्या दुकानांत काउंटरवर जसे विचारले जातात तसेच घेतले आहेत. पुण्या-मुंबईत बसून लिहिलेले फोनचे रिव्ह्यू डोंगर, खोरी आणि चिऱ्याच्या भिंती धरून चालत नाहीत. इथे फोन घेताना त्या धरून चालावंच लागतं.

एलटीई, एनएसए, एसए: हे तीन प्रकार म्हणजे नेमकं काय?

मोबाइल नेटवर्कचे दोन भाग असतात. पहिला टॉवरवरचा रेडिओ, ज्याच्याशी तुमचा फोन थेट बोलतो. दुसरा त्यामागचा ‘कोअर’, म्हणजे कंपनीची ती यंत्रणा जी सिम ओळखते, इंटरनेट जोडून देते, कॉल लावते आणि किती डेटा संपला ते मोजते.

एलटीई म्हणजे आपण ज्याला ४जी म्हणतो ते. रेडिओ ४जी, कोअरही ४जी.

एनएसए म्हणजे नॉन-स्टँडअलोन ५जी. यात कोअर जुनाच, ४जीचा असतो. फोन आधी ४जी टॉवरला जोडला जातो आणि सगळा कारभार त्याच जोडणीवरून चालतो. डेटाची गरज पडली आणि ५जीचा रेडिओ आवाक्यात असला, तर ४जी टॉवर फोनला सांगतो की ती दुसरी वाटही जोडून घे. जुन्या घरावर चढवलेली माडी समजा. वर जायचा जिना खालच्या घरातूनच आहे, खालचं दार बंद झालं की माडीही बंद. इथे खालचं घर म्हणजे ४जी. इंजिनिअर त्याला ‘अँकर’ म्हणतात.

एसए म्हणजे स्टँडअलोन. रेडिओ ५जी आणि कोअरही ५जी. या जोडणीला ४जीचा आधार लागत नाही.

दोन प्रकार झाले ते घाईमुळे. ३जीपीपी ही मोबाइलचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिने एनएसएचे नियम डिसेंबर २०१७ मध्ये पक्के केले आणि एसएचे जून २०१८ मध्ये. नवा कोअर उभारण्याआधीच ५जी सुरू करता यावं, म्हणून एनएसएची वाट आधी मोकळी झाली.

आपल्याकडे कोणत्या कंपनीचं कोणतं आहे?

भारतात ५जी सुरू झालं ते १ ऑक्टोबर २०२२ला. जिओने पहिल्यापासून एसए निवडलं. एअरटेलने एनएसएने सुरुवात केली आणि नंतर एसएकडेही पावलं टाकली. व्हीआयने मार्च २०२५ मध्ये मुंबईपासून सुरुवात केली. बीएसएनएलचं ४जी देशभर सुरू झाल्याची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे, कारण आतल्या गावांत त्याचं महत्त्व निराळं आहे.

फोन घेणाऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच: जिओचं सिम असेल तर फोनला एसए चालायलाच हवं, नाहीतर ५जी फोन असूनही तो ४जीवरच राहील. सध्याच्या नव्या फोनांत एसए आणि एनएसए दोन्ही असतात. अडचण येते ती २०२०-२१च्या सुमाराचा जुना फोन सेकंडहँड घेताना. त्या काळच्या काही फोनांत भारतातलं ५जी सॉफ्टवेअर अपडेटनंतरच चालू झालं. आयफोनचंही तसंच. आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलांना इथलं ५जी मिळालं ते डिसेंबर २०२२ मधल्या आयओएस १६.२ या अपडेटने. वापरलेला फोन घेत असाल तर अपडेट पूर्ण करून, स्वतःचं सिम घालूनच पैसे द्या.

मग एसए चांगलं की एनएसए?

कोकणात हा प्रश्न थोडा वेगळ्या अंगाने विचारायला हवा: ५जी कोणत्या बँडवरून येतंय? एसए-एनएसएचा वाद त्यानंतरचा.

बँड म्हणजे लहरींचा ठरलेला पट्टा. भारतात फोनच्या दृष्टीने ५जीचे दोन पट्टे महत्त्वाचे. `n78` म्हणजे साधारण ३,३०० ते ३,८०० मेगाहर्ट्‌झ, आणि `n28` म्हणजे ७०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास. `n78` हा रुंद पट्टा आहे. मोठ्या कंपन्यांकडे त्यात प्रत्येकी १०० मेगाहर्ट्‌झ किंवा त्याच्या आसपास जागा आहे, म्हणून जाहिरातीतला पाचशे-सातशे एमबीपीएसचा वेग इथेच मिळतो. `n28` अरुंद आहे. २०२२च्या लिलावात ७००चा पट्टा जिओने देशातल्या सगळ्या सर्कलांत घेतला, पण तो १० मेगाहर्ट्‌झचाच. वेग कमी, पोच मात्र लांब.

पोच किती लांब, याचा हिशेब सरळ आहे. लहरींची वारंवारता पाचपट वाढली, म्हणजे ७००ऐवजी ३,५०० झाली, की मोकळ्या हवेतही त्याच अंतरावर, त्याच अँटेनाने सिग्नल पंचवीसपट क्षीण मिळतो. `n78`च्या टॉवरवर अनेक अँटेनांचा मोठा पॅनल असतो. तो फोनच्या दिशेने झोत वळवतो आणि यातली बरीच तूट भरून काढतो. पण डोंगराची सोंड आडवी आली, मधे माडा-पोफळीची दाट बाग आली किंवा चिऱ्याची जाड भिंत आली, की ३,५०० हार मानतं आणि ७०० कसंबसं पोचतं.

दुसरी बाजू फोनची. टॉवर मोठ्याने बोलू शकतो, फोनची ताकद सुमारे पाव वॅट. म्हणून `n78`च्या हद्दीच्या काठावर डाउनलोड बरा चालतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवायला गेलात की गोल फिरत राहतं. टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं टॉवरला ऐकू जात नाही. एनएसएमध्ये यावर एक तोडगा आहे. पाठवायचा डेटा खालच्या पट्ट्यातल्या ४जी अँकरवरून जाऊ शकतो. एसएमध्ये हे काम `n28` करतं, तुमच्या फोनमध्ये तो असेल तर.

म्हणून माझं मत असं: चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा शहरी भागात राहणाऱ्याने एसए-एनएसएवर डोकं शिणवू नये, दोन्ही चांगली चालतात. खोऱ्यातल्या, खाडीकाठच्या किंवा घाटाखालच्या वाडीत राहणाऱ्याने जिओ वापरायचं असेल तर `n28` नसलेला फोन घेऊ नये.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा, राजापूर तालुक्यात खोऱ्यातली एक वाडी आहे. टॉवर समोरच्या सड्यावर, अडीच किलोमीटरवर. घर चिऱ्याचं, कौलारू. पुढे खळं आणि पडवी, मधे माजघर. घरात दोन फोन आले आहेत. मुलाने घेतलेल्या फोनात `n28` आणि `n78` दोन्ही आहेत. वडिलांसाठी स्वस्तात मिळालेल्या वापरलेल्या फोनात फक्त `n78`. दोन्हीत जिओचंच सिम.

सिग्नलची खरी ताकद दांड्यांनी नाही, डीबीएम या एककाने कळते. आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे चालण्यासारखा, उणे ११५च्या खाली गेला की नेट तुटायला लागतं. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण अशा घरात साधारण असंच चित्र दिसतं.

खळ्यात उभं राहिलं तर `n78` उणे १०४, `n28` उणे ९४. दोन्ही फोनांवर ५जी. वडिलांचा फोन इथे उलट जास्त वेगवान निघेल, कारण तो रुंद पट्ट्यावर आहे आणि मुलाच्या फोनला नेटवर्कने कदाचित `n28`वर ठेवलं असेल. शेजारी येऊन दोघांचं स्पीडटेस्ट बघतो आणि म्हणतो, ‘बघा, स्वस्तातलाच बरा!’

आता पडवी ओलांडून माजघरात या. मधे दोन भिंती. `n78` उणे १२२वर गेला, म्हणजे संपलाच. `n28` उणे १०६वर आहे. मुलाचा फोन अजून ५जीवर, वीस-पंचवीस एमबीपीएस देत. वडिलांचा फोन ४जीवर उतरला. तिथे जुन्या खालच्या बँडवर बाकी सगळ्या वाडीचे फोन आधीच बसलेले आहेत, म्हणून संध्याकाळी आठनंतर व्हिडिओ अडखळतो. ५जी फोन घेऊन वडिलांना घरात मिळालं ते ४जीच.

हेच घर एअरटेलचं सिम घालून पाहिलं तर? खळ्यात ४जी अँकर अधिक `n78`, वेग छान. माजघरात `n78` सुटेल आणि फोन मुकाट्याने ४जीवर चालत राहील. जोडणी तुटल्याचं जाणवणार नाही, कारण मुळात ती ४जीवरच टेकलेली होती. एनएसएचा हा गुण मान्य करायला हवा. उतरण सौम्य असते.

आणि टॉवरवर `n78` लावलेलाच नसेल, फक्त `n28` असेल, तर वडिलांच्या फोनला ५जी खळ्यातही दिसणार नाही. रस्त्यापासून आत असलेल्या टॉवरांवर हे अगदी शक्य आहे.

माझ्या फोनवर ५जी दिसतं, पण वेग ४जीसारखाच. फसवणूक आहे का?

फसवणूक म्हणता येणार नाही, पण वरचं चिन्ह जेवढं सांगतं असं वाटतं तेवढं ते सांगत नाही. तीन कारणं असू शकतात.

पहिलं एनएसएमधलं. ४जी टॉवर आजूबाजूच्या सगळ्या फोनांना सतत काही माहिती देत असतो, त्यात एक खूण असते: ‘इथे ५जी जोडण्याची सोय आहे.’ ही खूण वाचून लगेच ५जी दाखवायचं, की खरोखर ५जी रेडिओ जोडला गेल्यावर दाखवायचं, हे फोनमधल्या आणि कंपनीच्या सेटिंगवर ठरतं. पण ४जीचा आवाका `n78`पेक्षा मोठा. म्हणजे ५जीच्या हद्दीबाहेर, डोंगराच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसालाही ५जी दिसू शकतं, आणि त्याचा सगळा डेटा ४जीवरून जात असतो.

दुसरं एसएमधलं. चिन्ह खरं आहे, फोन ५जीवरच आहे, पण `n28`वर. १० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातून आदर्श परिस्थितीत, एकट्या फोनला, शंभरेक एमबीपीएस निघतात. एलटीईला २० मेगाहर्ट्‌झ मिळाले तर कागदावर त्याचे दीडशे होतात. त्यामुळे `n28`वरचं ५जी चांगल्या ४जीपेक्षा संथ निघालं तर त्यात काही बिघडलेलं नाही. तिथे त्याचं काम पोचण्याचं आहे.

तिसरं कारण टॉवरच्या मागचं. रेडिओ कितीही नवा असो, टॉवरपासून पुढे जाणारी वाहिनी अरुंद असेल तर वेग तिथेच अडतो. यावर फोन बदलून काहीही होत नाही.

मी एसएवर आहे की एनएसएवर, हे कसं ओळखायचं?

बहुतेक अँड्रॉइड फोनांत डायलरवर हे टाका:

```
*#*#4636#*#*
```

उघडलेल्या यादीत Phone information निवडा. दोन ओळी बघायच्या. Data Network Type पुढे NR असेल तर तुम्ही एसएवर आहात. तिथे LTE असेल आणि NR State पुढे CONNECTED असेल तर एनएसए. पण एनएसएमध्ये फोन रिकामा बसलेला असताना ५जी सोडून दिलेलं असतं, म्हणून मागे एखादा व्हिडिओ चालू ठेवून मग बघा. LTE आहे आणि CONNECTED काही केल्या येत नाही, तरी वर ५जी झळकतंय, तर ती वर सांगितलेली नुसती खूण आहे.

याच पानावर सिग्नलचा डीबीएम आकडाही मिळतो. तो पडवीत आणि माजघरात वेगवेगळा बघा, घराचा नकाशाच कळतो. काही कंपन्यांनी हा कोड बंद ठेवला आहे. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत त्याऐवजी `*#0011#` चालतो. आयफोनसाठी `*3001#12345#*`.

आणखी एक हुकमी चाचणी आहे. त्या पानावरच्या नेटवर्कच्या यादीत NR only निवडा. एसए असेल तर ५जी टिकून राहील. एनएसए असेल तर अँकरच काढून घेतल्यामुळे नेटवर्क पूर्ण जाईल. चाचणी झाली की आधीचा पर्याय आठवणीने परत लावा. NR only तसंच राहिलं तर पुढे कॉल लागत नाहीत, आणि मग घरचे म्हणतात फोन बिघडला.

कॉल आला की ५जी जाऊन ४जी दिसतं. का?

एनएसएमध्ये कॉल नेहमी ४जीवरूनच जातो, व्होल्टे म्हणतात तो. एसएमध्ये ५जीवरून कॉल करायची वेगळी सोय आहे, तिला व्हीओएनआर म्हणतात. ती फोन, सिमची कंपनी आणि त्या जागचा टॉवर या तिन्हींकडे असावी लागते. एकाकडे जरी नसली तरी कॉलच्या क्षणी नेटवर्क फोनला ४जीवर ढकलतं आणि कॉल संपला की परत घेतं. त्यात कॉल लागायला थोडा जास्त वेळ जातो, एवढंच.

अडचण होते ती जिथे `n28` पोचतो पण ४जी नीट पोचत नाही अशा जागी. तिथे नेट चालतं आणि कॉल लागत नाही, किंवा दोनदा ‘टूं’ होऊन तुटतो. अशा घरात फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. फायबरचं कनेक्शन असेल तर प्रश्न मिटतो.

५जीमुळे बॅटरी लवकर संपते का? ५जी बंद ठेवू का?

एनएसएमध्ये फोनला दोन रेडिओ एकदम जागे ठेवावे लागतात, त्यामुळे खर्च थोडा वाढतो. पण बॅटरी खरी खातो तो कमकुवत सिग्नल. फोन टॉवरला ऐकू जावं म्हणून पूर्ण ताकदीने ओरडत राहतो आणि गरम होतो.

एसएमध्ये कोकणात हमखास दिसणारा एक त्रास आहे. फोन उणे ११५च्या `n28`ला चिकटून बसतो, आणि त्याच जागी ४जी उणे ९५वर रिकामं असतं. खालच्या टॉवरचं ४जी जवळचं, ५जी मात्र खाडीपलीकडच्या टॉवरचं. फोनला आपला ५जीचाच आग्रह. नेट रखडतं, थोड्या-थोड्या वेळाने चिन्ह ५जी-४जी असं उड्या मारतं. ही लक्षणं दिसली तर घरी असेपर्यंत सेटिंगमध्ये ४जी किंवा LTE हा पर्याय ठेवा, बाजारात गेल्यावर ५जी करा. यात कमीपणा काही नाही. ५जी फोन घेतला म्हणून तो ५जीवरच चालला पाहिजे असा नियम नाही.

‘अनलिमिटेड ५जी’चा प्लॅन आहे, तरी दुपारीच डेटा संपल्याचा मेसेज येतो.

कारण अनलिमिटेड आहे ते ५जी. फोन ४जीवर उतरला की रोजच्या दोन जीबीतून डेटा कापला जातो. वरच्या उदाहरणातले वडील पूर्ण दिवस माजघरात व्हिडिओ बघत असतील, तर त्यांचा सगळा हिशेब ४जीत चालला आहे. शिवाय अनलिमिटेड ५जी प्रत्येक प्लॅनमध्ये नसतं. २०२४च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेल दोघांनी ते रोज दोन जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं. प्लॅन बदलत राहतात, म्हणून रिचार्ज करताना कंपनीच्या अ‍ॅपमध्ये त्या दिवशीची अट वाचा. दुकानदाराला गेल्या महिन्याची अट पाठ असते.

पावसात दांड्या पूर्ण आणि नेट शून्य. ५जी पावसात चालत नाही का?

७०० काय किंवा ३,५०० काय, या लहरींना पावसाच्या सरींचा फरक नगण्य पडतो. ओल्या पानांचा थोडा पडतो, म्हणून आषाढात बागेपलीकडचा `n78` उन्हाळ्यापेक्षा कमी मिळू शकतो. पण तुम्ही सांगताय तो प्रकार वेगळा आहे. दांड्या दाखवतात फोन ते टॉवर एवढंच अंतर. टॉवर ते पुढे कुठे काय चाललंय हे दांड्यांना माहीत नसतं.

डोंगरावरच्या अनेक टॉवरांना पुढची जोडणी मायक्रोवेव्हच्या थाळीतून मिळते, दुसऱ्या डोंगरावरच्या थाळीकडे तोंड करून. या थाळ्यांच्या लहरी १०,००० मेगाहर्ट्‌झच्या वर असू शकतात, आणि त्यांना मात्र मुसळधार पाऊस अडवतो. फायबर असेल तर रस्त्याच्या खोदकामात किंवा दरड कोसळून ती तुटते. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो, आणि डिझेल पोचलं नाही तर काही तासांनी झोपतो. ४जी, एनएसए, एसए तिन्ही एकाच टॉवरवर असतील तर तिन्ही एकदम बसतात. उपाय एकच: दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं, आणि शक्यतो वेगळ्या टॉवरवरचं. त्याच टॉवरवर दोन कंपन्या भाड्याने असतील तर दोन सिमांचा उपयोग अर्धाच.

गणपतीत सगळंच ठप्प होतं. तेव्हा कोणतं बरं?

चाकरमानी आले की वाडीतल्या फोनांची संख्या एका रात्रीत दुप्पट-तिप्पट होते आणि आरतीचे व्हिडिओ सगळे एकाच वेळी पाठवतात. तेव्हा रुंदीच कामाला येते. `n78` आवाक्यात असेल तर एसए असो वा एनएसए, तोच वाचवतो. १० मेगाहर्ट्‌झचा `n28` लवकर भरतो, आणि ४जी त्याच्याही आधी. व्हिडिओ पाठवायचाच असेल तर पहाटे पाठवा.

आमच्या गावात फक्त बीएसएनएल लागतं. ५जी फोन घेऊन काय उपयोग?

५जीसाठी नका घेऊ. पण फोन घेताना एक गोष्ट नक्की बघा. बीएसएनएलच्या नव्या ४जीत ७०० मेगाहर्ट्‌झचाही वापर आहे, आणि त्यासाठी फोनच्या यादीत `B28` लागतो. आकड्याआधी `B` असेल तर तो ४जीचा बँड, `n` असेल तर ५जीचा. `B28` आणि `n28` यांचा पट्टा एकच, पण एक असला म्हणजे दुसरा असतोच असं नाही. जुन्या, स्वस्त ४जी फोनांत `B28` बऱ्याचदा नसतो, आणि मग टॉवर समोर दिसत असूनही फोन २जी-३जीवर बसतो. नव्या ५जी फोनांत तो बहुधा असतो. म्हणजे बीएसएनएलवाल्याला ५जी फोनचा फायदा होतो तो ४जीसाठी!

नवं सिम घ्यावं लागेल का?

नाही. जिओ आणि एअरटेल दोघांचंही चालू ४जी सिम ५जीला चालतं. सिम फारच जुनं, घासलेलं असेल तर बदलून घ्या, तेवढंच.

कोकण रेल्वेत ५जी मिळेल का?

स्टेशनांच्या आसपास मिळेल. गाडी बोगद्यात शिरली की काहीच नाही, आणि या मार्गावर बोगदे नव्वदच्या वर आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा. बाहेर आल्यावर फोनला प्रत्येक वेळी नव्याने नेटवर्क शोधावं लागतं. तिकीट आणि सिनेमा आधीच डाउनलोड करून ठेवा.

भाऊ दुबईला असतो, तो फोन पाठवणार आहे. इथे चालेल ना?

चालू होईल, पण ५जी मिळेलच असं नाही. एकाच नावाच्या फोनचे देशागणिक वेगळे प्रकार असतात आणि त्यांचे बँडही वेगळे. भावाला सांगा, पैसे देण्याआधी खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर पाठव, नुसतं नाव नको. तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून तीन गोष्टी बघा: ५जीच्या यादीत `n28` आणि `n78`, ४जीच्या यादीत `B3`, `B5`, `B8`, `B28` आणि `B40`, आणि एसए असा स्पष्ट उल्लेख. यादीत सगळं असूनही कधी सॉफ्टवेअरमध्ये भारतातल्या कंपन्यांसाठी एसए किंवा व्होल्टे बंद असतं. जिओला व्होल्टेशिवाय फोनच्या डायलरवरून कॉलच लागत नाही, म्हणून ही अट ५जीपेक्षाही आधीची. तसाच फोन इथे आधी आलेला कोणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडे आपलं सिम घालून एक कॉल लावून बघा, आणि मगच भावाला होकार कळवा.